कडी आतून, किल्ली दुसऱ्याकडे

नव्या शहरात घेतलेल्या पहिल्या भाड्याच्या खोलीवर कुणी काही लिहिलं की ठरलेलं भांडण जुंपतं. एक गट म्हणतो, आवरा आता हे उमाळे. प्रत्येकाची तीच खिडकी, तेच छत, तीच ओली उशी आणि शेवटी ‘त्या खोलीने मला घडवलं’ हे तेच वाक्य. दुसरा गट चवताळतो: ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नाही त्यांना यातलं काय कळणार? मग या दुसऱ्या गटातही दोन तट पडतात. काहींच्या लेखी ती खोली म्हणजे एकटेपणाची कोठडी, काहींच्या लेखी मोकळ्या श्वासाची पहिली जागा, आणि दोघेही एकमेकांना खोटं पाडायला निघतात. मला या वादाचा कंटाळा आलाय. विषय जुना झाला म्हणून नव्हे; एवढी शाई सांडूनही त्यात खोलीबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून.

खोली ही मनःस्थिती व्हायच्या आधी एक व्यवहार असते. किल्ल्या किती आहेत आणि दुसरी कुणाकडे आहे? न्हाणीघर किती जणांत, आणि आपली पाळी कितव्या वेळेला? पाहुणा आला तर किती वाजेपर्यंत बसू शकतो? भिंतीत खिळा ठोकायची परवानगी आहे का? पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं का, म्हणजे आपलंही तिकडे जात असणार का? या प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की एकटेपणा आणि मोकळीक दोन्ही न बोलावता येतात, आणि येतात ती एकाच दारातून. ती टाळली की उरते ती नुसती हवा. माझं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या खोलीबद्दल लिहिणाऱ्याने आधी तिच्या अटी लिहाव्यात. एकटेपण की स्वातंत्र्य, हा वाद मग आपोआप मिटतो, कारण ती दोन्ही एकाच अटीची पोटची असतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. बर्लिनचा समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने 1903 साली महानगर आणि माणसाचं मन यावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की लहान गावातले क्षुद्र हेवेदावे आणि नजरा यांतून शहर माणसाला सोडवतं. आणि त्याच महानगरी गर्दीत माणसाला कधीकधी जेवढं एकटं वाटतं तेवढं दुसरीकडे कुठे वाटत नाही, ही त्याच सुटकेची दुसरी बाजू. शंभरावर वर्षं झाली या निबंधाला. तरी आपण अजून बाजू निवडत बसलोय. पण झिमेल गर्दीबद्दल बोलतो, रस्त्याबद्दल बोलतो. खोलीत ही गोष्ट आणखी स्पष्ट होते, कारण तिथे तिला हात लावता येतो. तिथे तिचं नाव कडी असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. माझ्याकडे लेख वाचायला येतात. त्यांत एका तरुणीचा होता, पहिल्या खोलीवरचाच. सुरुवात अशी होती: ‘खोली लहान होती, पण माझी होती. तिथे मी पहिल्यांदा स्वतःला भेटले. रात्री एकटेपण अंगावर यायचं, सकाळी मोकळं वाटायचं.’ भाषा स्वच्छ, चूक काहीच नाही, आणि तीन वाक्यांत एकही वस्तू नाही. मी तिला म्हटलं, लेख बाजूला ठेव, मला फक्त दाराबद्दल सांग. ती आधी हसली. मग सांगू लागली.

दाराला बाहेरून कुलूप आणि आतून कडी होती. कुलपाच्या किल्ल्या दोन. दुसरी घरमालकीण बाईंकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की पाणी गळलं, काही जळालं, तर उघडावं लागेल. म्हणजे हिशोब असा: ही बाहेर गेली की खोली दोघींची, ही आत येऊन कडी लावली की एकटीची. कडीला किल्ली नसते. आतून लागली की जगातलं कुठलंही कुलूप तिच्यापुढे चालत नाही. घरी तिच्या खोलीला कडी होती, पण ती लावायची पद्धत नव्हती. लावली की ‘काय झालं गं?’ म्हणून बाहेरून हाक यायची. इथे पहिल्या रात्री तिने कडी लावली, पडली, उठून पुन्हा एकदा पाहिली, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या लोखंडी खट्‌ आवाजासाठी ती संध्याकाळी परतायची. दिवा चालू ठेवून झोपली तरी कुणी उठवत नव्हतं. जेवण चुकवलं तरी कुणी विचारत नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत एक शब्द न बोलता राहता येत होतं. लेखात ‘मोकळं वाटायचं’ म्हणून जे दोन शब्द होते ते हे होते.

मग दुसऱ्या महिन्यात तिला ताप आला. अंग भाजत होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आणि रात्री तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो औषधाचा नव्हता, कडीचा होता. कडी लावली आणि आत चक्कर येऊन पडले, तर कुणालाही आत येता येणार नाही. दार फोडावं लागेल. आणि (हे तिने मला जरा लाजत सांगितलं) दार फोडलं तर त्याचे पैसे डिपॉझिटमधून जातील, हाही विचार तिच्या डोक्यात आला. कडी नाही लावली, तर बाहेरच्या सामाईक बोळातून येणाराजाणारा कुणीही दार ढकलू शकतो. ज्या कडीवर तिचा जीव होता ती तिला आता दोन्हीकडून अडवत होती. शेवटी तिने कडी काढली आणि दाराला आतून खुर्ची टेकवली. कुणी ढकललं तर खुर्ची घासून आवाज होईल, जाग येईल; पण खरंच कुणाला आत यायची वेळ आली तर खुर्ची सरकेलही. भीतीचं आणि आशेचं माप एका खुर्चीत बसवलं होतं तिने. सकाळी खुर्ची होती तिथेच होती. कुणी आलं नव्हतं. त्याने तिला हायसं वाटलं आणि वाईटही.

मी विचारलं, हे लेखात का नाही? तर म्हणाली, यात काय लिहिण्यासारखं आहे?

आणखी एक प्रसंग तिने असाच जाता जाता सांगितला. एकदा ती खिडकी उघडी टाकून कामाला गेली आणि दुपारी पावसाने झोडपलं. परत आली तर खिडकी बंद, खिडकीखालची गादी भिंतीपासून हातभर ओढलेली आणि चौकटीच्या फटीत एक जुनं फडकं घडी करून कोंबलेलं. मालकीण बाई येऊन गेल्या होत्या. म्हणजे कुणीतरी तिच्या खोलीत तिच्या मागे वावरलं होतं, तिची गादी हातांनी धरली होती, तिचा पसारा पाहिला होता. आणि तिच्या अंथरुणाची काळजी या शहरात दुसऱ्या कुणी केलीही नव्हती. ती ना तक्रार करू शकली ना आभार मानू शकली. ही दोन वाक्यं मी तिच्याकडून ऐकली तेव्हा मला वाटलं, तिच्या आख्ख्या पहिल्या खर्ड्यात जे नव्हतं ते त्या फडक्यात आहे. दुसऱ्या किल्लीने तिचं स्वातंत्र्य कमी केलं की एकटेपण? ज्याला याचं एका शब्दात उत्तर देता येतं त्याने भाड्याने राहून पाहावं.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो, कारण त्यांतले काही दमदार आहेत.

पहिला, विशेषाधिकाराचा. पहिल्या खोलीवर लिहिणारे कोण? ज्यांना खोली मिळाली ते. आडनाव ऐकून नकार मिळालेले, बाई एकटी आहे म्हणून जिन्यातूनच परत पाठवलेले, एका खोलीत पाळ्या लावून झोपणारे, किंवा ज्यांना निवाराच नाही असे, यांच्यासमोर एकटीच्या खोलीतल्या एकटेपणाचं कौतुक किती करायचं? हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. साहित्यात तो आधीच येऊन गेला आहे. व्हर्जिनिया वुल्फने 1928 मध्ये केंब्रिजच्या दोन महिला महाविद्यालयांत व्याख्यानं दिली, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं, आणि बाईला लिहायचं तर वर्षाला 500 पौंड आणि कुलूप लागणारी स्वतःची खोली हवी, हे तिचं म्हणणं जगभर गेलं. पुढे कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका अ‍ॅलिस वॉकरने विचारलं की मग फिलिस व्हीटलीचं काय करायचं? 1761 मध्ये बोस्टनला गुलाम म्हणून विकली गेलेली ही मुलगी. 1773 मध्ये लंडनमध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. जिच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं तिला खोलीची आणि कुलपाची अट कशी लावणार?

प्रश्न बिनतोड आहे. पण तो खोलीबद्दल लिहिण्याच्या विरोधात जातो का? मला उलट दिसतं. वुल्फच्या पुस्तकावर असा नेमका हल्ला करता आला, कारण तिने रक्कम लिहिली होती. त्यातली निवेदक आपले पैसे कुठून आले तेही सांगते: आत्या मुंबईत घोड्यावरून फेरफटका मारताना पडून मेली आणि दरसाल 500 पौंड ठेवून गेली. (हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाच्या मनात ती आत्या मुंबईत काय करत होती हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा.) आकडा आणि उगम समोर ठेवल्यामुळे वाचकाला विचारता आलं की बाकीच्यांचं काय. तिने नुसतं ‘बाईला स्वतःचा अवकाश हवा’ असं लिहिलं असतं तर कुणाचंच बोट कशावरच ठेवलं गेलं नसतं. तेव्हा ज्यांना विशेषाधिकाराचा राग आहे त्यांनी लेखकाला गप्प बसवण्याऐवजी हिशोब मागावा. भाडं कोण भरत होतं? जामीन कोण राहिलं? घरमालकाने कोणते प्रश्न विचारले आणि कोणते विचारायची त्याला गरजच पडली नाही? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लेखांत हा शेवटचा प्रश्न गळलेला असतो. खोली मिळाली, एवढंच असतं. कशामुळे मिळाली, हे लिहिलं की तीच खोली दुसऱ्या कुणाला का मिळाली नसती तेही पानावर येतं.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो आणि मला तो जास्त अडचणीचा वाटतो. लोक म्हणतात, तुम्ही ललित लेखाचा भाडेकरार करून टाकताय. किल्ल्या, पाळ्या, रकमा यांची यादी वाचून कुणाचा गळा दाटून येणार? एकटेपणाला अटी नसतात, तो वातावरणात असतो. आणि याच्या बाजूने फार मोठा साक्षीदार उभा करता येतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ऑक्टोबर 1888 मध्ये आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. लाकडी पलंग, दोन खुर्च्या, धुण्यापुसण्याचं मेज, लाल पांघरूण. त्यात करार कुठे आहे? अट कुठे आहे? त्याने भावाला लिहिलं होतं की हे चित्र पाहून विश्रांतीची भावना यावी. नुसती शांतता, आणि तीही नुसत्या रंगांनी. मग कडीकोयंड्याचा हट्ट कशाला?

साक्षीदार मोठा आहे, पण त्याची उलटतपासणी करायला हवी. चित्रात अट नाही, कारण ती चित्राच्या आधी पत्रांत लिहून झाली होती. त्या मे महिन्यात त्याने ही खोली असलेलं पिवळं घर महिना 15 फ्रँकने घेतलं. आधी ज्या हॉटेलात राहत होता तिथल्या बिलावरून त्याचं भांडण झालं होतं. घर घेतलं तरी पलंगाला पैसे नव्हते, म्हणून कित्येक महिने तो तिथे फक्त चित्रं काढायला जात होता, झोपायला दुसरीकडे; सप्टेंबरात पलंग आले तेव्हा कुठे तिथे रात्री राहू लागला. भावाला लिहिलेल्या पत्रांत पलंग कसले घेतले, खुर्च्या किती, हे सगळं आहे. स्वतःला साध्या लाकडाचा पलंग, आणि पाहुण्यासाठी अक्रोडाचा. संडास घरात नव्हता, शेजारच्या हॉटेलात होता आणि ते हॉटेलही त्याच मालकाचं. आता चित्राकडे परत पाहा. एकट्या माणसाच्या खोलीत उशा दोन, खुर्च्या दोन. दुसरा चित्रकार येणार होता, गोगँ, तो अजून यायचा होता. वाट पाहणाऱ्या माणसाची ही खोली आहे. तिथली शांतता हिशोब करकरून मिळवलेली आहे, आणि तिथलं एकटेपण रिकाम्या खुर्चीच्या रूपाने चित्रात बसलेलं आहे. वातावरण म्हणतात ते हेच असेल, तर ते वस्तूंमधूनच आलंय.

पुढचंही लक्षात घेण्यासारखं आहे. तो आजारी पडला, रुग्णालयात गेला, परतला. आणि 1889 च्या सुरुवातीला आसपासच्या तीसेक लोकांनी हा माणूस इथे नको असा अर्ज दिला, पोलिसांनी घर बंद केलं. त्या सप्टेंबरात सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने हीच खोली पुन्हा काढली, दोनदा. पलंग तोच, खुर्च्या त्याच, भिंतीवरच्या तसबिरी मात्र बदललेल्या. खोली हातची गेल्यावर आठवणीत ती जराशी हलते, हे ज्यांनी कधी जागा बदलली आहे त्यांना सांगायला नको. पण हललं काय? तसबिरी. पलंग हलला नाही. म्हणूनच मी लिहिणाऱ्यांना म्हणतो, आठवणीवर विसंबायचं तर आधी जड सामान आठवा. दार कुठल्या बाजूला उघडायचं, पलंग कुठल्या भिंतीला होता, झोपल्यावर पाय दाराकडे येत की डोकं. भावना त्या सामानाला धरून येतात. उलटं सहसा होत नाही.

लिखाणातलाही एक दाखला देतो, कारण चित्राची गोष्ट वेगळी असं कुणी म्हणेल. जर्मन भाषेतला कवी रिल्के 1902 च्या ऑगस्ट अखेरीस पॅरिसला आला आणि रू तुलिए नावाच्या गल्लीत राहिला. आठ वर्षांनी त्याची जी एकमेव कादंबरी आली तिची पहिलीच नोंद त्या गल्लीच्या नावाने आणि 11 सप्टेंबर या तारखेने सुरू होते. म्हणजे पत्ता आधी. पुढे त्यात एका शेजाऱ्याचं प्रकरण आहे. पलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारा वैद्यकीचा विद्यार्थी, भिंत पातळ. तिकडून अधूनमधून एक आवाज येतो: डब्याच्या झाकणासारखं काहीतरी गोल, पत्र्याचं निसटतं, जमिनीवर आपटतं, घरंगळतं आणि शेवटी गिरक्या घेत घेत थांबतं. बस. पण निवेदक त्या आवाजाची वाट पाहू लागतो, त्यावरून पलीकडच्या माणसाचा जीव कसा कासावीस होत असेल ते ताडू लागतो. एकटेपणावर त्या पुस्तकात मोठमोठी पानं आहेत. मला विचाराल तर त्यांतली काही जरा ओढलेली आहेत. ते झाकण मात्र एकदा वाचलं की विसरता येत नाही. का? कारण त्यात भिंतीची जाडी आहे. भाड्याच्या खोलीत माणूस पूर्ण एकटा नसतोच. त्याला दुसऱ्याचं आयुष्य ऐकू येतं आणि त्यात जायचा हक्क नसतो. हे दुःख जंगलात राहणाऱ्याचं नाही, कुटुंबात राहणाऱ्याचंही नाही. ते फक्त सामाईक भिंतीचं आहे, आणि ज्याला भिंतीबद्दल लिहायचं नाही त्याला ते लिहिता येणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मुद्द्याच्या पोटातला आहे आणि तो घरमालकांचा आहे. अटी लिहा म्हटलं की लोक अटी घालणाऱ्याला खलनायक करून मोकळे होतात. मालकीण म्हणजे चष्म्यावरून पाहणारी, दिव्याचा हिशोब ठेवणारी, जिन्यात कान लावून बसलेली. हा छाप इतका गुळगुळीत झालाय की मला आता त्या बायांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्यासाठीही ती खोली काहीतरी असते. बहुधा घरातलीच एक खोली, जी कुणीतरी सोडून गेलं म्हणून किंवा पैसे कमी पडतात म्हणून अनोळखी माणसाला दिलेली. रात्री घरात कोण आहे हे आपल्याला पुरतं माहीत नसण्याची भीती फक्त भाडेकरूलाच असते असं कुणी सांगितलं?

दस्तयेवस्कीने ही चूक केली नाही. 1866 च्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ची सुरुवात खुनाने होत नाही, थकलेल्या भाड्याने होते. रास्कोल्निकोव जिना उतरतोय आणि घरमालकीण भेटू नये म्हणून जीव मुठीत धरून चाललाय, कारण तिच्या स्वयंपाकघराचं दार जिन्यावर सताड उघडं असतं. पाच मजली इमारतीच्या छपराखालची त्याची खोली, खोली कसली, कपाटच. पुढे कळतं की ही बाई काही राक्षसीण नव्हती. त्याचं तिच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, ती मुलगी टायफसने गेली, आणि तरीही बाईने याला बराच काळ उधारीवर ठेवून घेतलं. त्याने तिला 115 रुबलचा कागद लिहून दिला होता. आणि खुनाच्या दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीचं बोलावणं येतं तेव्हा तो गारठतो. ते असतं या कागदाचं. तो निरोप घेऊन माणसं दार ठोठावतात तिथे एक बारीक तपशील आहे. दाराला आतून आकडा लावलेला असतो, आणि मोलकरीण बाहेरून म्हणते की हल्ली हा आतून लावून घ्यायला लागलाय. खोली एवढीशी की त्याला आकडा काढायला पलंगावरून उतरावंही लागत नाही. वाकला की हात पोचतो. एका वाक्यात खोलीचं माप, माणसाचा बदल आणि बाहेरच्यांची नजर. ‘तो एकाकी होता’ हे दस्तयेवस्कीला लिहावं लागलं नाही, कारण आकडा कधीपासून लागू लागला हे त्याने लिहिलं.

हे सगळं मान्य करूनही एक शंका उरते. तपशील भरला की लेख खरा होतो असं नाही. मी असेही लेख वाचलेत ज्यांत न्हाणीघराची पाळी आहे, भाड्याची तारीख आहे, गंजलेला नळ आहे, आणि तरी काहीच घडत नाही. याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. तिथे तपशील सजावट म्हणून आलेला असतो. त्याच्यामुळे माणसाला काही ठरवावं लागत नाही. नळ गंजलेला आहे, बरं मग? त्याचं पाणी गळतं आणि मालकाला सांगितलं तर तो खोलीत येणार, आणि खोलीत येऊ द्यायचं नाही म्हणून ती रात्रभर टपटप ऐकत पडते, असं असेल तर नळ लेखात राहू दे. नाहीतर काढून टाक. ओळखायची खूण सोपी आहे: त्या वस्तूपायी कुणाला दोन गोष्टींतून एक निवडावी लागली का? कडीपायी त्या मुलीला लागली. फडक्यापायी तिला गप्प बसणं निवडावं लागलं. अशा दोन-तीन निवडी सापडल्या की लेख पुरा होतो. बाकीच्या वीस वस्तू गाळल्या तरी चालतं, किंबहुना गाळाव्यातच.

त्या मुलीने लेख पुन्हा लिहिला. ‘स्वतःला भेटले’ गेलं, खुर्ची आली, फडकं आलं. एका गोष्टीवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. खोलीत खिळे ठोकायची मनाई होती. पहिले काही महिने तिने आरसा खिडकीच्या गजांना बांधून चालवलं. केस विंचरताना आपल्या चेहऱ्यामागे उलटा रस्ता दिसायचा. मग एका दुपारी बाई बाहेर गेल्याचं पाहून तिने चार खिळे ठोकले, चपलेच्या टाचेने, आवाज होऊ नये म्हणून टाचेला कापड गुंडाळून. खोली सोडताना भिंतीच्या त्या चार भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. तिचं म्हणणं, हे लिहिलं तर लेख रडगाणं वाटेल आणि बाई उगाच कंजूष दिसतील. दुसऱ्या अर्ध्या भागात तिचं बरोबर आहे, त्यासाठी बाईंनी भिंत नव्याने रंगवून घेतली होती तेही लिहावं लागेल. पण एवढ्या मनाईच्या खोलीत तिने स्वतःच्या हाताने घेतलेली मोकळीक ती चार भोकंच आहेत, आणि त्यांची किंमत कुणीतरी मोजून तिच्या हातात ठेवली. ती भोकं लेखात हवीत, रकमेसकट, असं माझं मत आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही.